वाहतूक समस्येत भागाकार कुठे होतच नाही
«पुरवठा आणि मागणी पूर्णांक असले की उत्तर पूर्णांकातच येते, असे शिकवतात; पण का?»

गोदाम अ मध्ये 20 पोती, ब मध्ये 30 पोती आणि तीन दुकानांची मागणी 10, 25 व 15 आहे असे धरू. सारणीत गोदामांच्या ओळी आणि दुकानांचे स्तंभ; प्रत्येक घरात त्या गोदामातून त्या दुकानाला जाणारी पोती, आणि एकूण वाहतूक खर्च सर्वांत कमी हवा. अशी कमीत कमी खर्चाची, म्हणजे इष्टतम, उकल अस्तित्वात असली की इष्टतम उकलींपैकी एक तरी बेसिक असते, म्हणजे बंद वळसा न होणारी मोजकी घरे निवडून बाकीची शून्य ठेवणारी; ही घरे ओळी आणि स्तंभांच्या बेरजेपेक्षा एकाने कमी, येथे 2 + 3 − 1 = 4, असतात. समजा ती अ-1, अ-2, ब-2 व ब-3 आहेत. पहिल्या स्तंभात एकच घर असल्याने अ-1 मध्ये 10 येणार. मग अ च्या ओळीत उरलेले 10 अ-2 मध्ये, दुसऱ्या स्तंभाचे उरलेले 15 ब-2 मध्ये आणि शेवटचे 15 ब-3 मध्ये. सगळी वजाबाकीच!

असे एकटे घर नेहमी सापडते, कारण प्रत्येक ओळीत व स्तंभात किमान दोन घरे असती, तर एकूण घरे ओळी आणि स्तंभांच्या बेरजेइतकी तरी झाली असती, आणि आपल्याकडे ती एकाने कमी आहेत. ती ओळ वा स्तंभ खोडल्यावर हाच हिशेब लहान सारणीलाही लागू पडतो.

मात्र सर्वच इष्टतम उकली पूर्णांकी असतात असे नव्हे. वाहतूक खर्च सगळीकडे सारखा असेल, तर अ-1 मधून अर्धे पोते अ-2 कडे व ब-2 मधून अर्धे ब-1 कडे वळवले तरी एकूण खर्च तोच राहतो. शिवाय दोन घरांवर मिळून वजनाची वेगळी मर्यादा घातली, तर हा युक्तिवादच लागू होत नाही.