ज्ञ इंग्लिशमध्ये कसा लिहायचा? दहावीच्या कागदांवर Dnyanada की Gyanada

करी रोड
मी परळच्या एका मराठी शाळेत ऑफिसला आहे. सध्या दहावीचे फॉर्म आणि त्याच्या जोडीला मुलांच्या अपार आयडीचं, म्हणजे केंद्राच्या विद्यार्थी ओळख क्रमांकाचं काम चालू आहे. एका मुलीचं नाव ज्ञानदा. जनरल रजिस्टरला पहिलीपासून मराठीत ज्ञानदाच आहे, तिथे काही घोळ नाही. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी पोर्टलवर, माझ्या आधीच्या कुणीतरी Dnyanada टाकलंय, आणि आधारवर आहे Gyanada. नावं जुळत नाहीत म्हणून अपार बनतच नाहीये. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, दोन्ही एकच की, तुम्हाला बरं पडेल ते टाका." आता मला सांगा, ज्ञ चं खरं इंग्लिश स्पेलिंग कुठलं? आणि मी यूडायसमध्ये आधारप्रमाणे Gyanada करून मोकळी होऊ का? ऋतुजा, अश्विनी, दीपक अशी अजून बरीच नावं रांगेत आहेत पण आधी हेच विचारते.

बोरिवली पूर्व
Dnyanada. यात चर्चेला जागाच नाही. मराठीत ज्ञ चा उच्चार द्न्य आहे, म्हणून ज्ञानेश्वर Dnyaneshwar. ग्य हा हिंदी उच्चार. आधारवाला ऑपरेटर हिंदी भाषिक असणार, त्याने ग्यानदा ऐकलं आणि ठोकलं. शाळा मराठी, मुलगी मराठी, मग तुम्ही सगळ्याच ज्ञ वाल्यांचं Dny करून टाका, एकदाचा नियम होईल.

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
उच्चाराचं बरोबर बोललात पण नियम करायचं काही खरं नाही. माझ्या शाळेत एकाच वर्गात ज्ञानेश पण होता आणि गुजराती घरातला ग्नानेश पण, त्याचं सगळ्या कागदांवर Gnanesh. गुजरातीत ज्ञ ग्न सारखा म्हणतात, कन्नड-तेलुगू घरातून Jna येतं, हिंदीतून Gya. मुंबईत एका बाकावर हे सगळे बसतात. प्रत्येकाला त्याच्या भाषेप्रमाणे ते बरोबरच आहे. माणसाच्या नावाचं इंग्लिश स्पेलिंग व्याकरणाने ठरत नाही, त्या माणसाच्या पहिल्या पक्क्या कागदावर काय लिहिलंय त्याने ठरतं. ऑफिसात बसून आपण "बरोबर" स्पेलिंग टाकलं की त्या घराच्या मागे जन्माचं काम लागतं.

करी रोड ताई, तुम्ही विचारलंय त्यातला पहिला प्रश्न बाजूला ठेवा आणि दुसऱ्याचं उत्तर सांगतो, आत्ता यूडायसला हात लावू नका. आधी जन्मदाखला मागवा, फोनवर विचारून नाही तर ओरिजिनल समोर ठेवून. महापालिकेच्या दाखल्यावर मराठी आणि इंग्लिश दोन्हीत नाव असतं, इंग्लिशच्या ओळीत काय आहे ते बघा. आणि आधारकार्डावरची मराठी ओळ पण वाचा, ती कुणी वाचतच नाही. ऑपरेटर इंग्लिश टाईप करतो आणि मराठी मशीन आपोआप आणतं. तिथे "ग्यानदा" असं छापलेलं असेल तर समजायचं की तिथे कानावर पडलेलं नाव टाईप झालंय, दाखला कुणी बघितलेला नाही.

करी रोड
अहो खरंच! आत्ताच फाईलमधली आधारची झेरॉक्स बघितली, मराठीत "ग्यानदा" आहे. इतक्या वेळा ती झेरॉक्स हातातून गेली पण मी इंग्लिशच बघत होते. जन्मदाखला मागवते.

भांडुपचा काळे
ही मराठी ओळ सगळ्यात डेंजर. माझ्या आधारवर इंग्लिशमध्ये Kale बरोबर आहे पण मराठीत "काले" छापलंय. शेजारचे राणे, त्यांचं "राने" झालंय. ळ आणि ण इंग्लिशमध्ये जाताना मरतात ते परत येताना जिवंत होत नाहीत. इंग्लिश जुळतंय म्हणून कुणी बघत नाही आणि मग मराठीत अर्ज केला की साहेब विचारतो हे काले कोण.

शब्दवेडा
छान धागा. मला वाटतं मूळ प्रश्न आधी शुद्धलेखनाचा आहे. उदाहरणार्थ ऋषिकेश की हृषीकेश? मूळ शब्द हृषीकेश, हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश. ऋषींच्या केसांशी त्याचा काही संबंध नाही. देवनागरीत शुद्ध लिहिलं की इंग्लिश आपोआप सुधारेल.

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
फोड बरोबर आहे पण इथे प्रश्न तो नाहीये. देवनागरीत अगदी शुद्ध हृषीकेश लिहिलंत तरी इंग्लिशमध्ये Hrishikesh, Hrushikesh, Rushikesh तिन्ही चालू आहेत आणि तिन्ही नावांची माणसं दाखले घेऊन फिरतायत. ऋ ला आपण रु म्हणतो म्हणून Rutuja, Krushna. कुणी रि म्हणतं म्हणून Krishna. देवनागरीत एक अक्षर, इंग्लिशला दोन-तीन वाटा, हीच तर अडचण आहे.

प्रज्ञा, दहिसर
माझंच सांगते. मी प्रज्ञा. दहावीच्या मार्कशीटवर Pradnya, डिग्रीवर Pragnya, का ते देवाला माहीत, फॉर्म कुणी भरला तेही आठवत नाही. पासपोर्ट दहावीप्रमाणे Pradnya. नवऱ्याबरोबर बाहेर जायचं ठरलं तेव्हा डिग्री आणि पासपोर्ट एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करत बसावं लागलं, एक "ग" मध्ये आला म्हणून. शाळेत असताना कुणी एकदा माझ्यासमोर कागद ठेवून "तूच लिही" म्हणालं असतं तर हे टळलं असतं. मी आठवीपासून माझं नाव एकाच पद्धतीने लिहीत होते, कुणी विचारलंच नाही.

बोरिवली पूर्व
ॲफिडेव्हिट करायचं ना, "Pradnya आणि Pragnya एकच व्यक्ती" असं. नोटरीकडे जा, काम संपलं.

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
अर्धं खरं. बँक, सोसायटी, कधी एखादी कंपनी, हे लोक ॲफिडेव्हिटवर मानतात. पण त्याने एकही रेकॉर्ड बदलत नाही, पुढच्या खिडकीवर तेच ॲफिडेव्हिट परत दाखवायचं. मोठ्या माणसाला स्पेलिंग कायमचं एक करायचं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यायची आणि मग एकेक कागद त्याप्रमाणे करत जायचं, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात पूर्वी त्यासाठी रांगा लागायच्या, आता अर्ज ऑनलाईन होतो. शाळेतल्या मुलाचं तसं नाही. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतात, मुंबईत शिक्षण निरीक्षकांची मंजुरी आली की जनरल रजिस्टर दुरुस्त होतं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर हेच काम फार लांबतं. म्हणून दहावीचं वर्ष हे शेवटचं सोपं वर्ष.

करी रोड
अपडेट. वडील आज दाखला घेऊन आले. इंग्लिशमध्ये स्वच्छ Dnyanada. म्हणजे आधारच चुकीचं. मी Gyanada केलं असतं तर अपार लगेच झालं असतं पण बोर्डाच्या सर्टिफिकेटवर कायमचं Gyanada गेलं असतं आणि जन्मदाखला एकटा पडला असता. आता आधार दुरुस्त करून आणा सांगितलंय. अजून काही सांगायचं का त्यांना?

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
हो, दोन गोष्टी. मुलीला पंधरा पूर्ण असतील तर तिचं बायोमेट्रिक अपडेट पण करायचंच असतं, ते आणि नाव एकाच फेरीत करून घ्या. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, एक अक्षर बदललं तरी ती एक संधी गेली. म्हणून ऑपरेटरने सबमिट दाबायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्यायची आणि इंग्लिश ओळ अक्षर-अक्षर वाचायची, मराठी ओळ पण वाचायची, तिथे ज्ञ आला का बघायचं. आला नसेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगायचं. पावती मिळाली की परत तेच.

दाखल्यावर उलट असतं, म्हणजे Gyanada असतं, तर मी तुम्हाला यूडायसच बदलायला सांगितलं असतं. जिभेला द्न्य ची कितीही सवय असो.

करी रोड
आणि बाकीच्यांचं? ऋतुजा, अश्विनी वगैरे. मी फोनवर विचारते तर सगळे "हो बरोबर आहे" म्हणतात.

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
"बरोबर आहे ना?" विचारलं की माणूस हो म्हणतो, वाचतही नाही. कोरा कागद द्यायचा. मुलाने स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, सगळं कॅपिटलमध्ये लिहायचं, खाली पालकांची सही. आपण आधी भरून दिलेला कागद नाही. मग तो कागद आणि जन्मदाखला शेजारी ठेवायचा. Ashwini की Ashvini, Deepak की Dipak, Rutuja की Hrutuja, तिथेच कळतं. आणि बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधली नावं तपासायची यादी, आली की परत एकदा मुलाला स्वतःला वाचायला द्यायची, सही घेण्यापुरती पुढे करायची नाही.

फोनवर विचारायची वेळच आली तर स्टेशनांची नावं वापरा. डी दादरचा, एन नायगावचा. बी आणि व्ही, एम आणि एन फोनवर सारखेच ऐकू येतात.

भांडुपचा काळे
वाय?

प्रज्ञा, दहिसर
यारी रोड.

नवी आई, मुलुंड
माझा थोडा वेगळा प्रश्न. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव पण येतं ना, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझं आधारवर Rutuja आहे आणि शाळेच्या-कॉलेजच्या सगळ्या कागदांवर Hrutuja. हॉस्पिटलच्या फॉर्मवर कुठलं लिहू? आता माझं स्पेलिंग म्हणजे बाळाच्या नावाचा भाग होणार.

बोरिवली पूर्व
आधारवरचं. हल्ली सगळीकडे आधारच बघतात.

प्रज्ञा, दहिसर
मी तर म्हणेन आधी स्वतःचं आधार Hrutuja करून घे आणि मग फॉर्म भर. एकदा बाळाच्या दाखल्यावर Rutuja गेलं की तुझं आणि त्याचं दोन्ही बदलत बसशील.

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
प्रज्ञाताईंचं मला जास्त पटतं पण बाळ उद्या-परवा येणार असेल तर तेवढा वेळ मिळणार नाही, आणि हॉस्पिटलवाले फॉर्म थांबवून ठेवत नाहीत. पासपोर्ट काढलाय का? असेल तर त्यावर काय आहे ते आधी सांगा.

नवी आई, मुलुंड
पासपोर्टवर Hrutuja. तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव
मग महिना आहे हातात. पासपोर्ट आणि दहावीचं सर्टिफिकेट घेऊन उद्याच आधार केंद्रावर जा. एक संधी जाईल, जाऊ दे. तोपर्यंत हॉस्पिटलच्या फाईलवर पण तुमचं नाव कसं लिहिलंय ते बघून घ्या, जन्माची नोंद तिथूनच पुढे जाते.