स्टिरॉइडआधी आयव्हरमेक्टिन: अळी सापडली नाही, तरी द्यावे का?

त्वचा विभागातील निवासी

सिंधुदुर्गातील 54 वर्षांचे भातशेतकरी, वजन 60 किलो, निदान पेम्फिगस. त्यांना प्रेडनिसोलोन 60 मिलिग्रॅम रोज सुरू करायचे आहे. वरिष्ठ म्हणतात की आधी स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातील कृमीसाठी आयव्हरमेक्टिन 12 मिलिग्रॅम द्या. शौचाची तपासणी एकदा झाली, तीत काही आढळले नाही, आणि कृमी असताना रक्तात वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशीही सामान्य आहेत. मग ज्या कृमीचा पुरावा नाही, तिच्यासाठी औषध का द्यायचे?

सूक्ष्मदर्शक

एका तपासणीत न सापडणे हा या कृमीच्या बाबतीत फार कच्चा पुरावा आहे. बाकीच्या बहुतेक कृमींची अंडी किंवा अळ्या शरीराबाहेर पडतात आणि संख्या वाढायची तर नवा संसर्ग बाहेरून व्हावा लागतो. स्ट्राँगिलॉइडिसच्या काही अळ्या मात्र बाहेर पडण्याआधीच संसर्गक्षम होतात, मोठ्या आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची त्वचा भेदून रक्तात शिरतात, फुप्फुसांत पोहोचतात, श्वासनलिकेतून वर येऊन गिळल्या जातात आणि पुन्हा आतड्यात वाढतात. त्यामुळे अनवाणी पायाने एकदा घेतलेला संसर्ग आयुष्यभर टिकू शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो अनेक दशकांनंतरही सापडला. शरीराची प्रतिकारशक्ती ही संख्या अगदी कमी ठेवते, म्हणूनच शौचाच्या एका नमुन्यात निम्म्याहून अधिक वेळा ती हुकते.

स्टिरॉइड दिले की हा आवर सुटतो. अळ्या झपाट्याने वाढतात आणि आतड्याची भिंत ओलांडताना तेथील जिवाणूही सोबत नेतात.

आमच्याकडे घडलेला एक प्रसंग सांगतो. दम्यासाठी तीन आठवडे तोंडाने स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णाचे पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, धाप वाढली, आणि धाप वाढली म्हणून स्टिरॉइडचा डोस आणखी वाढवला गेला. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आले, प्रतिजैविके दिली, ताप उतरला; आठवड्याने क्लेब्सिएला आले. बेंबीभोवती जांभळट ठिपके उठले होते, परंतु त्यांचा अर्थ कोणाला लागला नाही. थुंकी क्षयासाठी आली होती. मी तिचा थेंब रंग न देता काचपट्टीवर पाहिला तेव्हा त्यात अळ्या वळवळत होत्या. त्या दिवसापासून रोज आयव्हरमेक्टिन सुरू झाले, पण आतडे ठप्प असल्याने तोंडाने दिलेले औषध शोषले जाण्याचीच शाश्वती नव्हती. रुग्ण वाचला नाही. त्या पूर्ण काळात इओसिनोफिल जवळपास शून्य होते, कारण स्टिरॉइड त्यांनाही खाली आणते. त्यामुळे सामान्य इओसिनोफिलवर विसंबणे मला मान्य नाही.

आडगावचा डॉक्टर

प्रसंग वेदनादायक आहे, तरी त्यावरून सर्वांना औषध देण्याचा नियम काढणे मला पटत नाही. एक तर कृमिनाशक मोहिमेत अल्बेंडाझोल गावोगाव दिले जाते, तेव्हा हा धोका पुष्कळ कमी झालेला असणार. दुसरे, मे 2021 मध्ये गोव्यात सर्व प्रौढांना रोज 12 मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन पाच दिवस देण्याची घोषणा झाली होती, तीही कोविडवर ठोस पुरावा नसताना. पुराव्याशिवाय वाटप करण्याची ती सवय आपण पुन्हा का लावून घ्यावी? आधी तपासावे, सापडले तर द्यावे.

सूक्ष्मदर्शक

मोहिमेमुळे गोलकृमी आणि अंकुशकृमी यांचा भार कमी होतो, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु मोहिमेतील 400 मिलिग्रॅमची एक गोळी या कृमीवर फारशी चालत नाही, आणि ती मुख्यतः मुलांसाठी असते. हे रुग्ण 54 वर्षांचे आहेत. सात दिवस दोन वेळा दिलेले अल्बेंडाझोलही आयव्हरमेक्टिनच्या एका डोसच्या मागेच राहते.

कोविडच्या वादाने या औषधाचे मोठे नुकसान केले, हे मी मानतो. विषाणूवर ते निरुपयोगी ठरले. या कृमीवर मात्र ते पहिल्या पसंतीचे आहे. 2022 मध्ये आयव्हरमेक्टिनच्या कोविड चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा मृत्यू कमी झाल्याचे चित्र जेथे स्ट्राँगिलॉइडिस अधिक आहे अशा प्रदेशांतील चाचण्यांमध्येच दिसले. तेथे औषधाने स्टिरॉइड घेणाऱ्यांना विषाणूपासून नव्हे, कृमीपासून वाचवले असावे, ही शक्यता विचारात घेण्याजोगी आहे.

लेकीची शंका

माझी आई कोकणातच वाढली आणि दम्यासाठी रोज इनहेलर घेते. त्यातही स्टिरॉइड असते असे औषधवाल्याने सांगितले. आजच आयव्हरमेक्टिनची गोळी आणून द्यावी का?

सूक्ष्मदर्शक

ताई, स्वतःहून देऊ नका, आणि इनहेलर तर मुळीच बंद करू नका. नेहमीच्या इनहेलरचे स्टिरॉइड रक्तात फार थोडे उतरते. येथील चर्चा तोंडाने किंवा शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसची आहे. मात्र त्यांना दर काही महिन्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स द्यावा लागत असेल आणि त्या घेताना धाप उलट वाढत असेल, तर लहानपणी शेतात अनवाणी काम केले होते, हे डॉक्टरांना अवश्य सांगा.

प्रत्यारोपण विभाग

माझे मत दोघांच्या मध्ये पडते. आमच्याकडे शस्त्रक्रिया ठरलेली असते, वेळ असतो, म्हणून आम्ही रक्तातील या कृमीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे तपासतो आणि निकालानुसार औषध देतो. ही चाचणी एका शौच तपासणीपेक्षा पुष्कळ चांगली आहे, तरी हत्तीरोगाच्या जंतामुळे ती चुकीने सकारात्मक येऊ शकते आणि प्रतिकारशक्ती आधीच दबलेली असेल तर चुकीने नकारात्मक. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी ती मिळतच नाही.

पेम्फिगसमध्ये कातडी सोलवटत असताना निकालासाठी स्टिरॉइड रोखणे अयोग्य आहे. मी रक्त घेऊन ठेवीन आणि औषध त्याच दिवशी देईन. प्रेडनिसोलोन रोज 20 मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवडे किंवा अधिक, ही रेघ बहुतेक जण पाळतात. परंतु डेक्सामेथासोनच्या छोट्या कोर्सनंतरही हा आजार उसळल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे या रेघेखाली सारे सुरक्षित, असे मी म्हणणार नाही.

एका डोसबद्दलही मी सावध आहे. 2019 मधील चाचणीत एक डोस चार डोसइतकाच परिणामकारक ठरला, पण त्यात प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण नव्हते. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस द्यावा, असे मला वाटते.

त्वचा विभागातील निवासी

आज संध्याकाळी त्यांच्याशी पुन्हा बोलले. लहानपणापासून लावणी अनवाणीच केली आहे. खाज येते का, असे विचारल्यावर ते म्हणाले की अनेक वर्षांपासून मधूनमधून कुल्ल्यांवर आणि कमरेवर लालसर, वळणदार रेघ उठते, काही तासांत बोटभर पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी नाहीशी होते. त्याला ते पित्त समजत होते. मी ते विचारलेच नव्हते, याचे वाईट वाटते.

आयजीजीसाठी रक्त घेतले आहे. 0.2 मिलिग्रॅम प्रतिकिलो या हिशेबाने 12 मिलिग्रॅम आज रात्री दिले, प्रेडनिसोलोन उद्या सकाळी सुरू होईल, आणि दुसऱ्या डोसची तारीख केसपेपरवर ठळक लिहिली आहे.

आडगावचा डॉक्टर

सरकणारी रेघ म्हणजे त्वचेखालून जाणारी अळीच. या रुग्णाला औषध देणे योग्यच झाले, माझी हरकत नाही. पण हे निदान प्रश्न विचारून झाले, सरसकट वाटपातून नव्हे. माझ्याकडे महिन्याला स्टिरॉइडचे जे रुग्ण येतात, त्यांतील पुण्यातच वाढलेल्या आणि कधी मातीत न उतरलेल्या माणसालाही हीच गोळी द्यायची का, यावर आपले उत्तर मला अजून मिळालेले नाही.