भाड्यावर टीडीएस कापला नाही, आता नोटीस. पैसे कुणी भरायचे?

ताराबाईपार्ककर: खाली माझा दवाखाना, वर राहणं, भाडं महिना 55,000. मला ऑडिट लागत नाही. 2023-24 मध्ये मालकीणबाईंना पूर्ण भाडं दिलं, काही कापलं नाही. आता ऑगस्ट 2025 मध्ये 33,000 रुपयांची नोटीस आलीय. त्या म्हणतात, भाड्यावरचा कर भरलाय. मग माझ्याकडून पुन्हा का?

रंकाळा_वारा: एक रुपया भरू नका. सरकारला कर पोचला, विषय संपला.

जुना_हिशोबनीस: निम्मा संपला. त्यांनी हे भाडं रिटर्नमध्ये दाखवून कर भरलाय, असं सीएचं सर्टिफिकेट फॉर्म 26A मध्ये दिलं तर मूळ 33,000 तुमच्याकडून घेत नाहीत. व्याज मात्र सुटत नाही. कपात मार्च 2024 मध्ये व्हायला हवी होती. त्यांनी जुलै 2024 मध्ये रिटर्न भरलं असेल तर महिना 1 टक्क्यानं पाच महिन्यांचे 1,650.

मिरजकर_तिकटी: दर आता 2 टक्के झालाय राव. 13,200 भरा आणि मोकळं व्हा.

जुना_हिशोबनीस: तो 1 ऑक्टोबर 2024 पासून. यांचं वर्ष त्याआधीच संपलं, 5 टक्केच.

सीए_राजारामपुरी: सर्टिफिकेटचा नाद सोडा. कुठली मालकीण भाडेकरूपुढं आपलं रिटर्न उघडते? सरळ 26QC, म्हणजे भाड्यातून कापलेला कर जमा करायचा फॉर्म भरा, कपातीची तारीख 31 मार्च 2024 टाका, व्याज आणि लेट फी सोसा.

जुना_हिशोबनीस: ही तारीख टाकली की लेट फी दिवसाला 200 नं वाढत कराएवढी, म्हणजे आणखी 33,000. वर कापून न भरल्याचं दीड टक्का व्याज. मार्चमध्ये कापलंच नव्हतं, मग तसं लिहिणं खोटंच की! आता पुढच्या भाड्यातून कापा, तीच तारीख टाका, लगेच भरा. मुदत कपातीच्या महिन्यानंतर 30 दिवसांची असते, त्यामुळं लेट फी लागू नये. व्याज 1 टक्क्यानं, 18 महिन्यांचे 5,940. मालकीणबाईंचा कर दोनदा गेला असं होईल, पण त्यांना फॉर्म 71 भरून तो मागता येतो.

सीए_राजारामपुरी: नियमात बसतं, मान्य. पण माझ्या एका अशिलाला तशीच तारीख टाकून लेट फीची सूचना आलीच. अजून भांडतोय.

नागाळा_पार्क: माझं भाडं 18,000, मीही कापायचं का? डोकं फिरलंय.

जुना_हिशोबनीस: नाही. महिन्याला 50,000 च्या वर असेल तरच.

ताराबाईपार्ककर: मालकीणबाईंना आत्ता विचारलं. रिटर्न भरलंय, पण भाडं मुलाच्या नावावर दाखवलंय म्हणे.

रंकाळा_वारा: घरातलाच ना? काय फरक पडतो?

जुना_हिशोबनीस: पडतो. करार कुणाच्या नावे आहे आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात, ते आधी सांगा. करार आणि खातं दोन्ही बाईंचं असेल तर सर्टिफिकेटची वाट बंद, 26QC शिवाय गत्यंतर नाही.

ताराबाईपार्ककर: करार बाईंचा. खातं दोघांचं मिळून आहे.