डिगॉक्सिनची पातळी मर्यादेत, तरी विषबाधा? मदत हवी आहे

आई ७६ वर्षांची. हृदयासाठी डिगॉक्सिन ०.२५ मिग्रॅ आठवड्यातून पाच दिवस, शिवाय लघवीची गोळी फ्रुसेमाइड. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं आणि काही दिवसांतच मळमळ, जेवण बंद, नाडी ४८. ट्यूबलाइट पिवळी दिसते म्हणाली. डॉक्टरांनी डिगॉक्सिन थांबवून लगेच दाखल केलंय.

पातळी १.८, लॅबच्या मर्यादेत. पोटॅशियम मात्र २.९! डॉक्टर म्हणाले, त्या अँटिबायोटिकने डिगॉक्सिन शरीरात साठतं, आणि लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं की तेवढंच डिगॉक्सिन हृदयाला जास्त बाधतं. मेडिकलवाल्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

डिगॉक्सिनची गोळी पुन्हा सुरू झाली तर पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन किती दिवसांनी तपासता? पातळीसाठी रक्त गोळीनंतर निदान सहा तासांनी द्यायचं असतं. तुम्ही सकाळी गोळीआधीच देता का?