डिस्चार्ज कार्ड सोपे करावे, की अचूक ठेवावे? (चर्चा)

मूळ पोस्ट : गंगापूर रोडचा फिजिशियन

डिस्चार्ज कार्ड हा पुढच्या डॉक्टरांसाठीचा वैद्यकीय दस्तऐवज आहे, नातेवाइकांसाठीचे पत्रक नव्हे. सोप्या मराठीच्या आग्रहापायी काय होते, ते मी परवाच पाहिले. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाच्या कागदावर कोणीतरी ‘हिरव्या पालेभाज्या बंद’ असे लिहून दिले होते, जे शास्त्राला धरून नाही. सोपे केले की चुकीचे होतेच. नातेवाइकांना समजले नाही, तर त्यांनी विचारावे.

वॉर्डातली सिस्टर

डॉक्टरसाहेब, पालेभाज्यांचे ते वाक्य चुकीचे आहे, हे मला मान्य आहे. पण ते सोपे असल्यामुळे चुकलेले नाही. बरोबर वाक्यही तेवढेच सोपे आहे : ‘नेहमी जेवढी पालेभाजी खाता, तेवढीच खात राहा, एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका.’ झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची मात्रा माणसाच्या रोजच्या जेवणावर बसवलेली असते. पालेभाजीतले के जीवनसत्त्व अचानक वाढले की गोळीचा परिणाम कमी पडतो, आणि भाजी बंद केली की तीच मात्रा जास्त होते.

आता तुमच्या ‘अचूक’ कार्डाबद्दल सांगते. पेठ तालुक्यातल्या एका बाईंची मायट्रल झडप बदलली होती, धातूची बसवली होती. कार्डावर ओळ होती : ‘टॅब. अ‍ॅसिनोकुमॅरॉल २/३ एमजी, ए/डी, एचएस.’ एक दिवस दोन मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी तीन, रात्री झोपताना, हे तुम्हाला आणि मला कळते. त्यांच्या मुलाला पहिल्या दुकानात एक मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या, आणि दुकानदाराने बोटांवर दाखवले, ‘आज दोन, उद्या तीन.’ घरात ते तसेच पाठ झाले. स्ट्रिप संपल्यावर गावाजवळच्या दुकानात दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या. घरात तोच हिशोब चालू राहिला, आज दोन गोळ्या, उद्या तीन, म्हणजे चार आणि सहा मिलिग्रॅम; मात्रा सरळ दुप्पट झाली. आठवडाभरात दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना आणि शौचाला काळे होऊ लागले. बाई आमच्याकडे परत आल्या, तेव्हा रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आयएनआर ७.८ होता, तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहायला हवा होता.

त्या कार्डात वैद्यकीय चूक एकही नव्हती आणि कुटुंबाने एकही गोळी चुकवलेली नव्हती. मुलाने काय विचारायला हवे होते, ते मला सांगा. आपल्याला समजले आहे, अशी त्याची खात्री होती. ज्याला शंकाच नाही, तो विचारणार कसा?

सिडकोतला औषध दुकानदार

म्हणजे अखेरीस दोष दुकानदाराचाच! डॉक्टर घाईत दोन आकडे लिहून मोकळे होतात, इस्पितळ फाईल हातात ठेवून बिलाकडे पाठवते, आणि उरलेले सगळे समजावून सांगण्याचे काम काउंटरवर उभ्या असलेल्या माझ्या मुलाने करायचे, तेही मागे दहा माणसे ताटकळत असताना. एक मिलिग्रॅमची गोळी प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. मी दोन मिलिग्रॅमची देतो तेव्हा पाकिटावर ‘पॉवर बदलली आहे’ असे लाल पेनाने लिहितो, आणि तरीही रुग्ण घरी जाऊन जुन्याच आकड्याने गोळ्या मोजतो. हे माझ्या हातात नाही.

वॉर्डातली सिस्टर

दादा, दोष तुमच्यावर ढकलण्याचा हेतू नाही, पण तुमच्या लाल पेनाचा उपयोग का होत नाही, ते पाहा. घरात लक्षात राहतो तो गोळ्यांचा आकडा, मिलिग्रॅमचा नव्हे. म्हणून कार्डावरच ‘फक्त १ मिलिग्रॅमची गोळी घ्यावी, दुसऱ्या पॉवरची घेऊ नये’ असे लिहावे, म्हणजे गोळ्यांचा आकडा आणि मिलिग्रॅमचा आकडा कायम एकच राहील. ती मिळाली नाही, तर दुकानातून आम्हाला फोन यावा.

सिडकोतला औषध दुकानदार

फोन कोणाला करायचा? कार्डावर छापलेला नंबर रिसेप्शनचा असतो, तिथून वॉर्डला, वॉर्डातून ‘सर ओटीत आहेत’. माझा गिऱ्हाईक सिन्नरची शेवटची बस पकडायच्या घाईत असतो. जो नंबर उचलला जातो, तो लिहिणार असाल तर मी फोन करीन, एवढे मी लिहून देतो. एक मिलिग्रॅमचा साठा ठेवण्याबद्दलही माझी ना नाही, पण महिन्याला किती रुग्ण येणार हे इस्पितळाने कळवावे. पडून राहिलेल्या स्ट्रिपा मुदत संपल्यावर माझ्याच अंगावर येतात.

नाशिकरोडची लेक

माझ्या आईलाही रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, अँजिओप्लास्टीनंतर दिली आहे. आम्ही तेव्हापासून मेथी, पालक, शेपू सगळे बंद केले आहे आणि ती जेवणावर रुसते. हे वाचून आता काय करावे? आणि तिचा आयएनआर एकदाही कोणी सांगितलेला नाही, हा निष्काळजीपणा नाही का?

गंगापूर रोडचा फिजिशियन

ताई, स्ट्रिपवर क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन लिहिले असेल, तर पालेभाजीचा आणि त्या गोळ्यांचा काहीही संबंध नाही आणि त्यासाठी आयएनआर करावा लागत नाही. आईंना मेथी खाऊ द्या. मात्र स्टेंट बसवलेला असल्यामुळे त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. नाव एकदा तपासून घ्या, कारण काही रुग्णांना दोन्ही प्रकारची औषधे असतात.

आणि सिस्टर, माझे म्हणणे नेमके हेच आहे. ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ अशी सुटसुटीत ओळख दिली की दोन वेगळ्या जातींची औषधे घरात एक होतात. औषधाचे नाव कार्डावर ठळक हवे, हे माझे मत मी सोडणार नाही.

वॉर्डातली सिस्टर

नाव ठळक हवेच, त्याला मी कधीच विरोध केलेला नाही. नाव, मिलिग्रॅम आणि आयएनआरची मर्यादा कार्डावर जशीच्या तशी राहील. त्याखाली मला एक चौकट हवी आहे, वारांची. ‘ए/डी’ लिहिले की रविवारनंतर काय, हे घरात कोणी सांगू शकत नाही, कारण आठवडा सात दिवसांचा आहे आणि दर आठवड्याला पाळी उलटते. त्याऐवजी सोमवार, बुधवार, शुक्रवारी तीन गोळ्या आणि उरलेल्या चार दिवशी दोन, असे लिहावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहिता येतो आणि गोळी दिल्यावर त्यावर रेघ मारता येते.

गंगापूर रोडचा फिजिशियन

आता हिशोब पाहा. एकाआड एक दिवशी दोन आणि तीन दिल्यास आठवड्याची सरासरी १७.५ मिलिग्रॅम येते. तुमच्या चौकटीत ती १७ होते. म्हणजे सोय व्हावी म्हणून तुम्ही मात्रा बदललीत, आणि तीही परिचारिकेच्या पातळीवर. याहून गंभीर बाब अशी की पहिल्या महिन्यांत आयएनआरनुसार मात्रा वारंवार बदलते. कॅलेंडरवर लिहिलेला जुना आकडा घरात टिकून राहतो आणि तोच धोका ठरतो. तोंडी सूचना निदान विसरली तरी जाते.

वॉर्डातली सिस्टर

मात्रा मी बदलणार नाही, सही तुमचीच असेल. अर्धा मिलिग्रॅम आठवड्यातून कमी पडला, तर ते पुढच्या तपासणीत दिसेल आणि तुम्ही दुरुस्त कराल. दुप्पट मात्रा आठवडाभर गेली, तर ती दुरुस्त करण्यासाठी रुग्ण शिल्लक राहिला पाहिजे.

जुन्या चौकटीचा धोका मात्र खरा आहे. म्हणून चौकटीच्या माथ्यावर ‘ही मात्रा अमुक तारखेच्या तपासणीपर्यंतच’ असे लिहावे, आणि तपासणीला येताना तो कागद आणायला सांगून तो फाडून नवा द्यावा. आणि विसरण्याबद्दल म्हणाल, तर नेमकी तीच सूचना चौकटीखाली हवी : ‘गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवले, तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवले, तर कालची सोडून द्या, दोन दिवसांच्या एकदम घेऊ नका.’

निघताना आम्ही नातेवाइकाच्या हातात स्ट्रिप देतो आणि म्हणतो, ‘आज बुधवार आहे, आज रात्रीच्या गोळ्या काढून दाखवा.’ मान डोलावणारा माणूस तिथे अडखळतो. ज्याने तीन काढल्या, त्याला समजले. ‘समजले का?’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेले मी ऐकलेले नाही.

पेठकडचा शिक्षक

मी डॉक्टर नाही, पण वडिलांना झडप बसवल्यापासून हा विषय माझ्या घरचा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या रोज ताटात असतात आणि उन्हाळ्यात पालेभाजी जवळपास नसते. ‘नेहमीएवढी खा’ हे सिस्टरांचे वाक्य नाशिक शहरासाठी ठीक आहे. आमच्याकडे ‘नेहमी’ ऋतूप्रमाणे बदलते. श्रावणात वडिलांचा आयएनआर दोनच्या खाली आला, तेव्हा डॉक्टर आमच्यावर गोळ्या चुकवल्याचा आरोप करत होते.

आणखी एक गोष्ट कोणत्याच कार्डावर नव्हती. ताप आला की गावातला डॉक्टर कमरेत इंजेक्शन देतो. वडिलांना दिले, आणि कुल्ल्यावर नारळाएवढी काळीनिळी गाठ झाली. ‘कमरेत इंजेक्शन नको’ ही ओळ त्या डॉक्टरला दाखवता आली असती, तर त्याने ऐकले असते.

गंगापूर रोडचा फिजिशियन

ऋतूचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. रानभाज्या सुरू झाल्यावर आणि संपल्यावर एकेक जादा तपासणी लिहून देणे शक्य आहे आणि यापुढे मी ती देईन. इंजेक्शनची ओळ मात्र इंग्रजीतही हवी, कारण ती पुढच्या डॉक्टरसाठी आहे. तिच्याच शेजारी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आणि जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल यांची नावेही हवीत. ही औषधे सुरू झाली की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सिस्टरांची चौकट मी नाइलाजाने स्वीकारतो, पण एका अटीवर. कार्डावर फक्त रक्तस्रावाचीच भीती घातली, तर घरचे लोक गोळीच बंद करतात, आणि झडपेवर गुठळी झालेला रुग्ण मला अधिक भयंकर वाटतो. रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी झडपेची टिकटिक मंद झाली किंवा थांबली, अचानक दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता निघावे, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवे.

वॉर्डातली सिस्टर

ही अट मला पूर्ण मान्य आहे. टिकटिकीची ओळ आमच्या कागदात नव्हती, ती आजच घालते.

सिडकोतला औषध दुकानदार

सगळ्यांचे एकमत होत असेल तर चांगलेच आहे, पण फोन कोण उचलणार, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. रविवारी संध्याकाळी एक मिलिग्रॅम संपलेली असेल आणि समोर पेठचा माणूस उभा असेल, तेव्हा मी काय करू?

वॉर्डातली सिस्टर

वॉर्डाच्या ड्युटीवरच्या मोबाइलचा नंबर कार्डावर छापावा, असे मी दोनदा लेखी मागितले आहे. परवानगी अजून आलेली नाही. तोपर्यंत त्याला दोन मिलिग्रॅमची स्ट्रिप देण्याऐवजी, दुसऱ्या कोणत्या दुकानात एक मिलिग्रॅमची आहे का, हे तुम्हीच फोन करून पाहा. तुमच्या संघटनेत सगळ्यांचे नंबर तुमच्याकडे असतात.

सिडकोतला औषध दुकानदार

म्हणजे पुन्हा काम माझ्याकडेच आले. करीन, कारण समोरचा माणूस माझ्या ओळखीचा असतो. पण ते कार्डावर लिहू नका.