मदत हवी आहे: काकांच्या दुकानाचा नफा दोन रीतीने वेगळा येतोय

नमस्कार मंडळी, इंदूरला राजवाड्याजवळ काकांचं किराणा दुकान आहे, हिशोब म्हणजे रोकडवही आणि उधारीची लाल वही एवढंच. सुरुवातीचं भांडवल ४,२०,००० आलं, शेवटचं ५,१०,०००, त्यात घरखर्चाची उचल १,८०,००० मिळवली आणि काकूंची एफडी मोडून दुकानात घातलेले ५०,००० वजा केले तर नफा २,२०,००० होतो.

पण उधारी ६०,००० वरून ८५,००० झाली, वसुली ३,४०,००० म्हणून उधार विक्री ३,६५,००० काढली, तशीच खरेदीही काढून नफातोटा पत्रक केलं तर नफा १,९६,०००च! फरक २४,०००. घरचं लाइटबिल महिना २,००० उचलीत धरलंय तेच दुकानखर्चातही पडलंय, तर ते खर्चातून काढायचं ना? आणि घरी नेलेलं तूप कुठेच लिहिलेलं नाही, त्याने दोन्हीकडे नफा सारखाच कमी दिसत असेल का?