डीमर्जर: एचआर राजीनामा मागून राहिले, सही करू का?

बुटीबोरीवाला
११ वर्षं झाली कंपनीत. आमचं पॅकेजिंग डिव्हिजन आता वेगळी कंपनी होऊन राहिलं, एनसीएलटीचा आदेशही आला. काल एचआरने दोन कागद पुढे केले: इथला राजीनामा आणि नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. "फॉर्मॅलिटी आहे, ग्रॅच्युइटी लगेच देतो" म्हणाले. बेसिक २६,०००. शिवाय कंपनीचे २५० शेअर आहेत, २०० च्या भावाने घेतलेले. नागपुरात कोणाला दाखवू?

धरमपेठ_ट्रेडर
घेऊन टाक बे पैसे! आणि नवे शेअर फुकटच येतात, विकले की सगळा नफाच.

सीएस_ताई
सही करू नका. कंपनीच्या वेबसाइटवर डीमर्जरच्या स्कीमची पीडीएफ असते, त्यात कर्मचाऱ्यांचं कलम वाचा. सेवा अखंड धरून, आहे त्यापेक्षा कमी नाही अशा अटींवर घेऊ, असं बहुतेक स्कीममध्ये लिहिलेलं असतं. मग राजीनामा कशाला?

आज ग्रॅच्युइटी १,६५,००० मिळेल. समजा अजून ९ वर्षांनी बेसिक ५२,००० झाला. सेवा अखंड असेल तर २० वर्षांचे ६ लाख. तुटली तर आजचे १,६५,००० आणि पुढचे २,७०,०००, म्हणजे ४,३५,०००. आणि नवीन ५ वर्षं भरायच्या आत सोडलं तर तिथले सहसा शून्य.

शेअर फुकट नाहीत, ट्रेडरभाऊ. जुन्या खरेदीचीच वाटणी होते. किती टक्के कुठे, ते कंपनी जाहीर करते. समजा ७०:३० आणि ४ जुन्या शेअरमागे १ नवा. यांच्या ५०,००० पैकी ३५,००० जुन्या शेअरवर राहतील, म्हणजे १४० चा एक. नव्यांवर १५,०००, म्हणजे २४० चा एक. साडेबासष्ट निघतात, म्हणून ६२ डीमॅटला येतील, अर्ध्याचे पैसे. करासाठी नवे शेअर किती काळ ठेवले, ती मुदत मात्र जुन्या खरेदीच्या तारखेपासूनच धरतात.

धरमपेठ_ट्रेडर
हे माहीत नव्हतं. मी बोनससारखंच समजून राहिलो होतो.

वाडीचा_ट्रान्सपोर्टर
माझ्या गाड्या त्याच डिव्हिजनला लागतात. तीन महिन्यांचं बिल थकलं, जुनी कंपनी म्हणते नव्यांकडे जा. माझी सही न घेता करार कसा हलला?

सीएस_ताई
भाऊ, धागा नोकरीचा आहे, पण सांगते. त्या डिव्हिजनचे करार आणि देणी आदेशानेच नव्या कंपनीकडे जातात. तुमच्या करारात "संमतीशिवाय हस्तांतर नाही" असं असेल तर मात्र वाद होऊ शकतो, वकिलाला दाखवा. सध्या दोघांनाही लेखी मागणी पाठवा. पुढच्या बिलावर नव्या कंपनीचा जीएसटी नंबर टाका, नाहीतर बिल परत येईल.

बुटीबोरीवाला
पीडीएफ सापडली, कलम २१ मध्ये "विदाउट एनी ब्रेक" आहे! पण मला नव्या कंपनीत जायचंच नसेल तर?

सीएस_ताई
जबरदस्ती करता येत नाही. पण जुन्यांनी ठेवून घेतलंच पाहिजे असंही नाही. तुम्ही कामगार की सुपरवायझर, यावर बरंच ठरतं. कंपनीच्या बाजूने न लढणारा लेबर वकील बघा. जाताना नेमणूकपत्र, स्कीम आणि पगाराच्या स्लिप न्या.

बुटीबोरीवाला
हुद्दा सुपरवायझर, काम मशीनवर. एचआर सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे. सिव्हिल लाइन्समधलं कोणी?